फोन रिसेट केला, आता तो जुनं गूगल खातं मागतोय

पॅटर्न विसरला, फोन उघडेना, म्हणून कोणीतरी पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं एकदम दाबून फोन रिसेट करून देतं. फोन नव्यासारखा सुरू होतो, भाषा विचारतो, वाय-फाय मागतो आणि मग एका पडद्यावर येऊन ठाम बसतो: This device was reset. To continue, sign in with a Google Account that was previously synced on this device. म्हणजे हा फोन रिसेट झालाय, आधी यात जे गूगल खातं होतं त्यानेच पुढे जा. नवीन खातं उघडून ते टाकलं तरी तो घेत नाही. पुन्हा रिसेट केला तरी त्याच पडद्यावर येतो.

नाशिकमध्ये एम. जी. रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत हा प्रकार सगळे 'एफआरपी लागला' या नावाने ओळखतात. फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन. अँड्रॉइडमध्ये ही सोय 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून आहे. फोन चोरणाऱ्याला तो पुसून विकता येऊ नये म्हणून ती आली. चोराचं नुकसान किती झालं ते माहीत नाही, पण स्वतःच्याच फोनबाहेर अडकून बसलेली घरची माणसं मी भरपूर बघतो.

'रिसेट म्हणजे सगळं कोरं' हा समज इथे आडवा येतो. फोनची साठवण एकसलग नसते, तिचे वेगवेगळे कप्पे केलेले असतात. तुमचे फोटो, ॲप, मेसेज एका मोठ्या कप्प्यात असतात आणि रिसेट तोच कप्पा पुसतो. फोन कोणत्या खात्याचा आहे याची नोंद मात्र दुसऱ्या एका छोट्या कप्प्यात असते आणि बटणं दाबून केलेला रिसेट त्याला हात लावत नाही. शेतातली बाग उपटून रान मोकळं केलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही, तसंच हे. फोनवर गूगल खातं असेल आणि पिन, पॅटर्न किंवा पासवर्डचं कुलूप लावलेलं असेल तर ही नोंद आपोआप होते, वेगळं काही चालू करावं लागत नाही. म्हणूनच 'मी तर असलं काही लावलं नव्हतं' असं प्रत्येकाला वाटतं.

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, पिन टाकून रिसेट केला तर मात्र हे एफआरपीचं कुलूप लागत नाही. पिन माहीत आहे म्हणजे मालकच आहे, असं धरून फोन ती नोंदही पुसतो. पिन माहीत नसताना बाहेरून रिसेट केला की फोनला तुम्ही आणि चोर सारखेच. गूगलच्या 'फोन शोधा' सोयीतून दुरून फोन पुसला, तरीही कुलूप राहतं.

आता यातून बाहेर कसं पडायचं. आधी त्याच पडद्यावर नीट बघा. बऱ्याच फोनवर तिथे दोन वाटा असतात: जुना पिन किंवा पॅटर्न टाका, नाहीतर Use my Google Account instead वर दाबून खात्याने आत या. म्हणजे रिसेटच्या आधी फोनला जो पिन होता तोच इथेही चालतो. दोन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर पिन आठवलेली माणसं आहेत. पिन आठवला तर काम तिथेच संपलं, खात्याच्या भानगडीत पडायची गरज नाही. फोनवर एकापेक्षा जास्त गूगल खाती असतील तर त्यातलं दुसरंही टाकून बघा. वडिलांच्या फोनवर मुलाने कधीकाळी स्वतःचं खातं घातलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

पिनही आठवत नाही आणि खात्याचा पासवर्डही माहीत नाही, अशी गाठ बसली की खरं काम सुरू होतं. हे काम त्या फोनवर होत नाही. फोन फक्त 'खातं दाखवा' म्हणतोय. खातं सोडवायचं ते दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून. फोन टेबलावर ठेवून द्या आणि तासातासाला उगाच पासवर्ड मारत बसू नका. चुकीचे प्रयत्न साठत गेले की गूगल काही वेळ दार बंद करतं आणि थांबायला सांगतं.

मखमलाबादचे आमचे मामा यातून गेले, तेव्हा प्रत्येक टप्पा जवळून बघायला मिळाला. द्राक्षबाग सांभाळणारा माणूस. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने 'मी सगळं सेट करून देतो' म्हणत जीमेल काढून दिलं होतं. कोणतं जीमेल, पासवर्ड काय, मामांना आजवर विचारायची वेळच आली नव्हती, कारण फोन एकदा सुरू झाल्यावर पासवर्ड पुन्हा मागत नाही. नातवाने खेळता खेळता पॅटर्न बदलून ठेवला आणि मग तोही विसरला. एका दुकानात फोन रिसेट झाला, पुढचा पडदा बघून तिथल्या माणसाने हात वर केले. शनिवारी दुपारी फोन माझ्याकडे आला.

मामांसारख्या लोकांची पहिली अडचण पासवर्डची नसतेच, ईमेल पत्ता कोणता हेच माहीत नसतं. फोन तो सांगत नाही. गूगलच्या साइन-इन पानावर Forgot email? असं असतं. तिथे खात्याला जोडलेला मोबाइल नंबर किंवा दुसरा ईमेल आणि खात्यावर लिहिलेलं नाव द्यावं लागतं, मग नंबरवर ओटीपी येतो आणि त्या नंबराला जोडलेली खाती दिसतात. नाव जसं लिहिलं असेल तसंच लागतं, आणि दुकानातल्या पोराने आडनाव टाकलं होतं की नुसतं 'मामा' लिहिलं होतं, हे कोणाला माहीत? आमचं तिथे जुळलं नाही.

म्हणून पत्ता घरात शोधायला लागलो. कोणाला कधी त्या पत्त्यावरून मेल गेली असेल, विम्याच्या कागदावर, बँकेच्या अर्जावर, गॅसच्या नोंदणीत ईमेल लिहिलेला असेल. आमच्याकडे सापडला टीव्हीवर. हॉलमधल्या अँड्रॉइड टीव्हीवर यूट्यूबसाठी मामांचंच खातं चालू होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये खात्यांच्या यादीत पूर्ण पत्ता दिसला: मामांचं नाव, गावाचं नाव आणि शेवटी चार आकडे. ते आकडे मामींच्या नंबरचे निघाले आणि पुढची दिशा तिथेच मिळाली.

पत्ता मिळाल्यावर खातं परत मिळवायचं पान उघडायचं. त्याचा छोटा पत्ता असा:

```
g.co/recover
```

हे पान कुठून उघडता याला फार महत्त्व आहे. तुम्ही खरे मालक आहात का हे ठरवताना गूगल नुसती उत्तरं बघत नाही. हा कॉम्प्युटर, हा फोन, हे वाय-फाय या खात्याने आधी कधी वापरलंय का, तेही बघतं. एम. जी. रोडवरच्या दुकानातल्या अनोळखी मशीनवरून, दुकानाच्या इंटरनेटवरून दिलेली तीच उत्तरं नापास होऊ शकतात आणि घरून दिलेली पास होऊ शकतात. म्हणून मी रविवारी मखमलाबादला गेलो आणि मामांच्या घरच्या वाय-फायवर, मामींच्या फोनमधून ते पान उघडलं. मामींच्या फोनवर पूर्वी मामांनी आपली मेल एकदा बघितली होती, असं नंतर बोलण्यात आलं. त्याने किती फरक पडला ते गूगलच जाणे.

पानाने आधी शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला. इथे 'माहीत नाही' म्हणून सोडून देण्यापेक्षा अंदाज लिहिलेला बरा, चुकला तरी बिघडत नाही. त्यानंतर त्याने सांगितलं की तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथे 'हो, मीच' दाबा. आणि कोणता फोन? तोच, टेबलावर बंद पडलेला. ओळख पटवायला फोन लागतो आणि फोन उघडायला ओळख. इथेच बरेच जण हताश होऊन परत दुकान गाठतात. पण त्या पडद्यावर खाली Try another way असतं. ते दाबलं की गूगल दुसरा मार्ग देतं: जोडलेल्या नंबरवर ओटीपी, दुसऱ्या ईमेलवर कोड, किंवा खातं आधी कधी सुरक्षित केलं असेल तर तेव्हा मिळालेले आठ अंकी बॅकअप कोड. ते कोड एका वेळी दहा मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. मामांकडे ते असण्याचा प्रश्नच नव्हता. पण तेच खातं तुमच्या टॅबवर किंवा दुसऱ्या फोनवरच्या जीमेलमध्ये उघडं असेल तर सूचना तिथेही येऊ शकते, तेव्हा घरातली सगळी उपकरणं चालू करून इंटरनेटला जोडून ठेवा.

आमच्या वेळी दुसऱ्या मार्गात मोबाइल नंबर आला, शेवटचे दोन आकडे तेवढे दाखवून. मामी म्हणाल्या, "हा तर माझाच." सिम त्यांच्याच फोनमध्ये होतं, ओटीपी आला, टाकला आणि नवीन पासवर्ड ठेवायचं पान उघडलं.

सगळ्यांचं इतकं सोपं जात नाही. जोडलेला नंबर बहुतेक वेळा जुनाच निघतो. सिम हरवलं असेल पण नंबर तुमच्या नावावर चालू असेल तर डुप्लिकेट सिम काढा, फक्त एवढं लक्षात ठेवा की सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात. फसवणूक टाळायला दूरसंचार विभागाने घातलेला नियम आहे तो. ओटीपी आला नाही म्हणून त्या दिवशी गूगलला शिव्या देऊ नका. नंबर बंद होऊन तीन महिने उलटले असतील तर तो कंपनीने दुसऱ्याला दिलेला असू शकतो. मग तो ओटीपी त्या माणसाकडे जाणार आणि तो मार्ग विसरलेलाच बरा. काही वेळा गूगल सगळं विचारून झाल्यावर लगेच उत्तर देत नाही, पडताळणीसाठी काही तास किंवा काही दिवस थांबायला सांगून दुसऱ्या ईमेलवर दुवा पाठवतं. दिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, मधेच पुन्हा नव्याने अर्ज भरू नका. आणि कोणताच नंबर, कोणताच ईमेल, कोणतंच ओळखीचं उपकरण उरलं नसेल तर खातं परत मिळणार नाही, हेही होतं. तिथे विनवणी करायला कोणी माणूस बसलेला नाही.

नवीन पासवर्ड हातात पडल्यावर मामांना वाटलं, झालं. टेबलावरचा फोन उचलला, पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, आणि फोनने तो नाकारला. पासवर्ड बरोबरच होता. नुकताच बदललेला पासवर्ड घेऊन कुलूप लागलेला फोन लगेच उघडता येत नाही. चोराने तुमचं सिम काढून पासवर्ड बदलला तर मालकाला जागं व्हायला वेळ मिळावा, असा त्यामागचा हिशेब. 24 तास थांबावं लागतं. घात असा होतो की, 'चुकला वाटतं' म्हणून माणूस पासवर्ड परत बदलतो आणि ते 24 तास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. एकाच आठवड्यात तीन-चारदा पासवर्ड बदलून 'गूगल ऐकतच नाही' म्हणणारे भेटतात, त्यांचं बहुतेक हेच झालेलं असतं. पासवर्ड बरोबर आहे की नाही ते बघायचं तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडून बघा, फोनवर नको.

मामांचा पासवर्ड वहीत लिहिला, फोन बंद करून ठेवला. सोमवारी संध्याकाळी वाय-फायला जोडून तोच पासवर्ड टाकला आणि फोन आत गेला.

फोन उघडला म्हणजे आतलं सगळं परत येतं असं नाही. फोनमधला माल रिसेटच्या क्षणीच गेला. खात्याबरोबर गूगलवर ठेवलेले संपर्क आले, गूगल फोटोजमध्ये चढलेले फोटो आले. पण अँड्रॉइडचा स्वतःचा बॅकअप, ज्यात एसएमएस, कॉलची यादी, ॲपची माहिती असते, तो 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून जुन्या पिन-पॅटर्ननेच कुलूपबंद असतो. तो परत आणताना फोन जुना पॅटर्न मागतो आणि तोच तर विसरला होता. मामांचे बाजार समितीचे मेसेज गेले ते गेलेच.

दुकानात 'पाचशे द्या, एफआरपी काढून देतो' म्हणणारे भेटतात, त्याबद्दलही बोलायला हवं. फोन तुमचा आहे आणि खातं मिळतच नाही, तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी जा. प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, म्हणजे आयएमईआय, छापलेलं मूळ बिल आणि ओळखपत्र सोबत न्या. काही कंपन्या ते बघून कुलूप काढून देतात, काही देत नाहीत, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा. बिल नसेल तर जाऊन उपयोग होत नाही. गल्लीतल्या माणसाकडे जी सॉफ्टवेअरं असतात ती फोनमधल्या एखाद्या जुन्या फटीतून आत शिरतात. अपडेटबरोबर त्या फटी बुजत जातात, आणि अँड्रॉइड 15 पासून तर सुरुवातीचा पडदा कसाबसा चुकवला तरी नवीन खातं घालणं, नवं कुलूप लावणं, ॲप टाकणं असं काहीच फोन करू देत नाही. दुसऱ्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर भरल्याने नेटवर्क गेलेले फोन मी पाहिलेत. त्यात कोणी आयएमईआय बदलून देतो म्हणाला तर उठून चालू लागा. आयएमईआयशी छेडछाड हा 2023 च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

दुसरी फसवणूक इंटरनेटवर. 'गूगल कस्टमर केअर नाशिक' असं शोधून मिळालेल्या नंबरवर लोक फोन करतात. एफआरपी काढायला गूगलचा असा कुठलाही फोन नंबर नाही. समोरचा माणूस ओटीपी मागेल, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावेल आणि बँक खातं रिकामं करेल. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 वर कळवा.

ज्यांचा फोन अजून रिसेट झालेला नाही, फक्त पॅटर्न आठवत नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, कारण यात बहुतेक जणांना संधी असते आणि ती घाईत जाते. बोटाच्या ठशाने फोन अजून उघडत असेल तर तो बंद करू नका, बॅटरी संपू देऊ नका. पुन्हा चालू झाल्यावर फोन आधी पिनच मागतो, आणि चालू ठेवला तरी अधूनमधून पिन मागतोच, तेव्हा ठशाची मुदत मोजकीच आहे. तेवढ्या वेळात सेटिंगमध्ये जाऊन ईमेल पत्ता कागदावर लिहून घ्या, खात्यात घरातल्या चालू नंबरची नोंद आहे का ते बघा, फोटो चढवून घ्या, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. नंबर नव्याने बदलला तरी गूगल काही दिवस जुन्या नंबरवरही कोड पाठवायला तयार असतं, तेव्हा जुनं सिम लगेच फेकू नका. सेटिंगमधून खातं काढायला किंवा रिसेट करायला जाल तर फोन पिन मागेल, म्हणून तो मार्ग बंदच समजा. पण पत्ता आणि पासवर्ड हातात ठेवून, वर सांगितलेले 24 तास उलटू देऊन केलेला रिसेट तुम्हाला कुठेच अडकवत नाही.

जुना फोन विकताना हेच उलटं करायचं. आधी सेटिंगमधून गूगल खातं काढा, फोन कंपनीचं वेगळं खातं असेल तर तेही काढा, कारण काही कंपन्यांचं स्वतःचं कुलूपही असतं आणि त्याचा पासवर्ड वेगळा. मग सेटिंगमधूनच रिसेट करा. आणि जुना फोन घेताना तो पूर्ण सुरू होऊन मुख्य पडद्यावर येईपर्यंत, तुमचं स्वतःचं खातं त्यात बसेपर्यंत पैसे देऊ नका. विकणारा 'घरी जाऊन चालू करा, होईल' म्हणाला तर त्याच्यासमोर वाय-फाय जोडून बघा. फोन खातं मागायला लागला तर त्याने तिथेच स्वतःचा पासवर्ड किंवा जुना पिन टाकून द्यावा. त्याला ते जमत नसेल तर फोन त्याचा नसण्याची शक्यता धरा. *#06# दाबून आलेला आयएमईआय घ्या, KYM लिहून एक जागा सोडून तो पंधरा अंकी नंबर टाका आणि 14422 वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून सरकारी यादीत बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं, आणि तसं कळलं तर फोन त्याच्या हातात परत देऊन निघा.